शब्दचर्चा: ‘ॲडियाबॅटिक’ला मराठीत काय म्हणायचं?

निळी शाई
रेणूंवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात ‘ॲडियाबॅटिक ॲप्रॉक्सिमेशन’ आलं आणि मी हिंदीतला ‘रुद्धोष्म’ उचलून टाकला. रुद्ध म्हणजे अडवलेली, ऊष्म म्हणजे उष्णता. पण अख्ख्या लेखात उष्णतेचा पत्ता नाही! केंद्रकं जागेवर धरून इलेक्ट्रॉनांचं गणित करायचं, मग केंद्रकं थोडी सरकवून पुन्हा करायचं, असं काहीतरी आहे. पुढे ‘डायबॅटिक’ आणि ‘नॉन-ॲडियाबॅटिक’ही येतात. तीन शब्दांचं करू काय?

भोचक
ताई, रुद्धोष्म बरोबरच आहे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या झटकन मारा, पंप तापतो. उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ॲडियाबॅटिक म्हणजे झटपट. लेखातही केंद्रकं झटपट हलत असतील.

तिरका डोळा
उलट आहे भोचकराव. इथे केंद्रकं सावकाश हलतात. सगळ्यात हलकं केंद्रक म्हणजे प्रोटॉन, तोही इलेक्ट्रॉनाच्या १८३६ पट जड. केंद्रक एक पाऊल टाकेपर्यंत इलेक्ट्रॉन शंभर घिरट्या घालून नव्या जागेशी जुळवून घेतो. बॉर्न आणि ओपेनहायमर यांचा १९२७चा निबंध हाच. वस्तुमानात एवढा फरक असल्यामुळे हे गृहीतक सगळ्या रेणूंना कायम लागू पडतं.

कासवचाल
तिरका डोळा, शेवटच्या वाक्यापर्यंत सहमत. ‘कायम’ हा शब्द तेवढा मागे घ्या, त्याकडे येतोच.

आधी शब्द. ग्रीक ‘आदिआबातोस’ म्हणजे जे ओलांडता येत नाही ते. उष्णतेचा त्यात मुळात संबंध नाही. उष्मागतिकीने तो घेतला कारण तिथे उष्णता भिंत ओलांडत नाही. मग १९१०च्या दशकात एरेनफेस्टने तो पुंजवादात आणला. त्याचं बोट धरून सांगायचं तर वायू अगदी सावकाश दाबला की त्याच्या ऊर्जापातळ्या सरकतात, पण कोणत्या पातळीवर किती रेणू आहेत ते बदलत नाही. एका पातळीवरून दुसरीवर कुणी उडी मारत नाही. म्हणजे इथेही ओलांडणं नाहीच, फक्त भिंतीऐवजी दोन पातळ्यांमधली दरी ओलांडायची नाही.

भोचकरावांचा पंप आणि ही सावकाशी यांत भांडण नाही. दट्ट्या उष्णतेच्या गळतीपेक्षा जलद आहे, पण वायूच्या रेणूंच्या धावपळीपेक्षा खूपच हळू आहे. ‘जलद’ आणि ‘सावकाश’ हे कुणाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय या शब्दाला हात लावू नये.

भोचक
हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. बरं, मग ‘कायम’ला काय झालं?

कासवचाल
इलेक्ट्रॉनाला नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला किती वेळ लागतो, हे नुसत्या त्याच्या हलकेपणावर ठरत नाही. त्याच्या आत्ताच्या पातळीत आणि शेजारच्या पातळीत ऊर्जेचं किती अंतर आहे यावरही ठरतं. अंतर मोठं तर प्रतिसाद चपळ, अंतर चिमुकलं तर प्रतिसाद मंद. केंद्रकांमधल्या अंतराबरोबर पातळीची ऊर्जा कशी बदलते ते दाखवणारी रेघ म्हणजे स्थितिज ऊर्जा वक्र. असे दोन वक्र जवळ आले की हलका इलेक्ट्रॉनही जड केंद्रकाच्या मागे पडतो.

सोडियम आयोडाइडचा एकच रेणू घेऊ, वायुरूपातला. याचे दोन वक्र आहेत. एक आयनिक, म्हणजे सोडियमचा इलेक्ट्रॉन आयोडीनकडे गेलेला. दुसरा सहसंयुज, म्हणजे दोन्ही अणू उदासीन. सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आयोडीनने तो स्वीकारला की ३.०६ परत मिळतात. म्हणून खूप दूर असताना आयनांची जोडी अणूंच्या जोडीपेक्षा २.०८ने महाग. पण आयन एकमेकांना ओढतात, आणि त्या ओढीने कमी होणारी ऊर्जा, अंतर अँगस्ट्रॉममध्ये घेतलं तर, १४.४ भागिले अंतर एवढे इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. १४.४ला २.०८ने भागा, ६.९ येतात. म्हणजे साधारण ६.९ अँगस्ट्रॉमवर दोन्ही वक्र एकाच उंचीवर येतात. तिथून आत आयनिक खाली, तिथून बाहेर सहसंयुज खाली.

निळी शाई
मग ते एकमेकांना छेदतात?

कासवचाल
तुम्ही कोणते वक्र काढता यावर आहे, आणि तुमचे तीन शब्द इथेच सुटतात. ‘हा आयनिक, हा सहसंयुज’ असा स्वभाव कायम धरून वक्र काढले तर ते सरळ एकमेकांतून आरपार जातात. हे डायबॅटिक. प्रत्येक अंतरावर केंद्रकं थांबवून इलेक्ट्रॉनांचं गणित नव्याने सोडवलं आणि ‘खालचा, वरचा’ असे वक्र जोडले, तर सारख्या सममितीचे दोन वक्र दोन अणूंच्या रेणूत छेदत नाहीत. जवळ येतात आणि वळून जातात. नॉयमान आणि विग्नर यांनी १९२९मध्ये याचं कारण दाखवलं. हे ॲडियाबॅटिक. खालच्या वक्रावर चालत राहिलात तर आत आयनिक असता आणि बाहेर पडेपर्यंत मुकाट्याने सहसंयुज झालेले असता.

तिरका डोळा
पण रेणू स्वतः कोणत्या वक्रावरून जातो? तो तर एकच आहे.

कासवचाल
हाच खरा प्रश्न. आकडे घालून पाहू. ६.९ अँगस्ट्रॉमवर वरच्या आणि खालच्या वक्रातलं अंतर सुमारे ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरा, त्याचं अर्धं ०.०५ ही दोन स्वभावांना जोडणारी ऊर्जा. आयनिक वक्राचा तिथला उतार ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम, सहसंयुज जवळपास सपाट. रेणूला ३१० नॅनोमीटरचा प्रकाश दिला की ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात आणि तो वरच्या वक्रावर चढतो, त्यातले साधारण ३.१ बंध तोडण्यात जातात. उरलेल्या ०.९मध्ये अणू छेदाजवळून फेम्टोसेकंदाला सुमारे ०.०३ अँगस्ट्रॉम या वेगाने एकमेकांपासून दूर जातात.

वक्र जवळ असलेला पट्टा ०.१ भागिले ०.३, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश अँगस्ट्रॉम रुंद. तो अकरा फेम्टोसेकंदांत पार होतो. आणि ०.१च्या दरीशी इलेक्ट्रॉनाचा प्रतिसादकाळ किती? प्लांकचा घटलेला स्थिरांक ०.६६ घेऊन ०.१ने भागा, साडेसहा फेम्टोसेकंद. दोन्ही काळ एकाच मापाचे झाले, आता कोण सावकाश आणि कोण चपळ? हीच दरी पाच इलेक्ट्रॉन व्होल्टची असती तर प्रतिसादकाळ एका फेम्टोसेकंदाच्या आठव्या भागाच्या आसपास आला असता आणि तिरका डोळा यांचं ‘कायम’ बिनघोर चाललं असतं.

इलेक्ट्रॉन मागे राहण्याची, म्हणजे स्वभाव न बदलता आरपार जाण्याची शक्यता लँडाऊ आणि झेनर यांनी १९३२मध्ये वेगवेगळी काढली:

```
P = exp( −2π H² / (ħ v |F₁ − F₂|) )
```

H म्हणजे वरचे ०.०५, F म्हणजे उतार, v म्हणजे वेग, ħ म्हणजे प्लांकचा तोच घटलेला स्थिरांक. वरचे आकडे घातले की सुमारे ७ टक्के येतात.

भोचक
सात टक्के कुणी मोजलेत का, की कागदावरच?

कासवचाल
मोजलेत. झेवेल यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हाच रेणू फेम्टोसेकंद स्पंदांनी पाहिला. वरच्या वक्रात अडकलेला रेणू सुमारे सव्वा पिकोसेकंदात बाहेर जाऊन परत येतो आणि दर वेळी बाहेर जाताना छेदापाशी थोडे रेणू निसटून सुटे अणू होतात. सुट्या सोडियमची खूण त्याच्या पिवळ्या प्रकाशाने पकडली तर ती सरळ चढत नाही, जिन्यासारखी पायरीपायरीने चढते. एका फेरीत निसटणारे साधारण दहात एक. माझा ७चा आकडा त्याच्या जवळ आहे हे थोडं नशीबही आहे, कारण ही शक्यता H ला फार हळवी आहे. ०.०५ऐवजी ०.०५५ घ्या, चारवर येते.

तिरका डोळा
पण परत आत येताना तोच छेद पुन्हा लागतो ना? तिथेही काही आयनिकच राहून खालच्या वक्रावर पडत असणार. मग ‘दहात एक’ मध्ये ते धरलेत की नाहीत?

कासवचाल
चांगलं पकडलंत. पडतात, आणि खालच्या वक्रावरून पुन्हा बाहेर येऊन तेही सुटे होऊ शकतात. शिवाय दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे प्रत्येक वेळी नाणं उडवल्यासारखी स्वतंत्र शक्यता धरणं तितकंसं बरोबर नाही. वरचं सूत्र एका ओलांडणीचं आहे, सबंध प्रवासाचं नव्हे. तुमचा हिशेब त्यावरून मी इथे पुरा करून देऊ शकत नाही.

रात्रपाळी
माझं प्रकरण वेगळं वाटेल, पण आहे हेच. लिथियम फ्लोराइडचा वक्र संगणकावर काढत होते. जवळच्या अंतरापासून सुरू करून दर पायरीला मागच्या पायरीचं उत्तर पुढे देत गेले. वक्र इतका गुळगुळीत आला की मी खूश. मग उलट दिशेने, लांबून आत आले, तर दुसराच वक्र! दोन्ही ७ अँगस्ट्रॉमच्या जवळपास एकमेकांना कापत होते. दोन आठवडे मी प्रोग्रॅमला शिव्या घातल्या.

कासवचाल
प्रोग्रॅम बिचारा प्रामाणिक होता. ५.३९मधून ३.४० वजा करा, १.९९ उरतात, १४.४ला त्याने भागलं की ७.२. तुमची पद्धत बहुधा एकाच इलेक्ट्रॉन-मांडणीवर उभी होती, आणि मागचं उत्तर पुढे दिल्यामुळे ती जुन्या स्वभावाला चिकटून राहिली. नकळत तुम्ही डायबॅटिकसारखे वक्र काढलेत. दोन्ही मांडण्या एकत्र घेणारी पद्धत लावा. आणि ऊर्जेपेक्षा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे धन आणि ऋण भार किती वेगळे झालेत त्याचं माप, छापून पाहा: खालच्या ॲडियाबॅटिक वक्रावर ते अंतराबरोबर सरळ वाढत तीसेक डीबायपर्यंत जातं आणि छेदापाशी धाडकन शून्याकडे येतं. ऊर्जेचा वक्र गुळगुळीत दिसून फसवतो, द्विध्रुव आघूर्ण फसवत नाही.

रात्रपाळी
छापलं होतं. ते वाढतच राहिलं आणि मला वाटलं, वा, छान.

निळी शाई
सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण रुद्धोष्म खोडला. ‘अनुल्लंघी’ कसा वाटतो? जे ओलांडत नाही ते. मग डायबॅटिक ‘उल्लंघी’.

तिरका डोळा
‘उल्लंघी’ ऐकून नियम मोडल्यासारखं वाटतं. आणि नॉन-ॲडियाबॅटिकचं ‘अन-अनुल्लंघी’ करणार का?

कासवचाल
‘अनुल्लंघी’ मला आवडला, ग्रीक शब्दाचा अर्थ तंतोतंत येतो. गंमत म्हणजे वक्रांनाही लागू पडतो, ते एकमेकांना ओलांडत नाहीतच. डायबॅटिकसाठी मी ‘स्वभावधारी’ म्हणेन, कारण तिथे ओलांडण्यापेक्षा स्वभाव टिकणं महत्त्वाचं. पण नॉन-ॲडियाबॅटिक ही वक्राची जात नाही, ती घटना आहे, म्हणून डायबॅटिकचा शब्द तिला देऊ नका. ‘पातळी ओलांडणारे संक्रमण’ असं तीन शब्दांत लिहा, लांब झालं तरी चालेल.

भोचक
आणि माझ्या पंपाचं काय? तिथेही अनुल्लंघी?

निळी शाई
पंपात उष्णतेला ओलांडू देत नाही, म्हणजे तिथेही बसतो की. पण वाचक ‘अनुल्लंघनीय’ समजतील अशी भीती वाटते. तूर्त लेखात ‘ॲडियाबॅटिक’च ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात ओलांडण्याचं सांगते. ‘स्वभावधारी’वर अजून कुणाचं मत?