अनुभव धागा : घरातले नेट नेमके कोण खाते?

धागाकर्ता : रात्री आमच्याकडे व्हिडिओ कॉल अडखळतात. राउटरच्या `Traffic Statistics` पानावर सर्वांत मोठा आकडा टीव्हीचा दिसतो, परंतु टीव्ही बंद करूनही फरक पडत नाही. या पानावरून ज्यांनी खरा खादाड शोधला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा.

रात्रपाळी : आपण बहुधा `Total` हा रकाना पाहत आहात. ती साठत गेलेली बेरीज असते, त्यामुळे दुपारभर मालिका दाखवलेला टीव्ही रात्री बंद असला तरी यादीत वरच राहतो. कॉल अडखळत असतानाच `Current` पाहावा. आमच्याकडे मोजणीचा अवधी १० सेकंद ठेवला होता आणि एका उपकरणापुढे सुमारे २ कोटी ४० लाख बाइट दिसत होते. म्हणजे सेकंदाला २४ लाख, आणि आठने गुणल्यावर साधारण १९ एमबीपीएस. शंभरच्या प्लॅनमध्ये हा आकडा किरकोळ वाटतो, पण आमचे अपलोड २० चेच आहे. यादीतला मॅक पत्ता डीएचसीपीच्या यादीशी ताडून पाहिला, तेव्हा तो मुलीचा लॅपटॉप निघाला. सहलीचे व्हिडिओ क्लाउडवर चढत होते. अपलोड तुंबले की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात, म्हणून सगळेच मंदावते. बॅकअपला ५ एमबीपीएसची मर्यादा घातल्यावर कॉल सुरळीत झाले.

कोकणी_वायर : आमच्या मागच्या खोलीत सिग्नलच पोहोचत नाही. त्यासाठी कोणता राउटर घ्यावा?

मोडेमराव : यादीत अनोळखी मॅक पत्ता दिसला, तर शेजारी आपले वायफाय वापरतो असे खुशाल समजावे आणि पासवर्ड बदलावा.

रात्रपाळी : पासवर्ड बदलण्यास हरकत नाही, पण शेजाऱ्यावर आळ घेण्यापूर्वी पत्त्यातील दुसरे अक्षर पाहावे. ते 2, 6, A किंवा E असेल, तर तो बहुधा घरच्याच एखाद्या फोनने स्वतः तयार केलेला पत्ता असतो. फोनमध्ये आपल्या नेटवर्कपुरती ती सोय बंद केली, की नोंद एकाच नावावर राहते.

सुमती_ठाणे : मोजणी सुरू केल्यावर आमचा राउटरच मंदावला. काही मॉडेलांत त्यासाठी हार्डवेअर नॅट बंद करावे लागते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो, असे कळले. ते चालू ठेवले तर आकडे फारच कमी दिसतात. त्यामुळे आता शोध घेण्यापुरतीच मोजणी चालू करते.

धागाकर्ता : `Current` पाहिला. टीव्ही शून्यावर आहे. सर्वांत वर एक्स्टेंडरचा पत्ता आहे आणि त्याच्यामागची चारही उपकरणे त्याच एका ओळीत मोजली जात आहेत. एकेक उपकरण बंद करून पाहण्याखेरीज ती वेगळी करण्याचा काही मार्ग आहे का?

सुमती_ठाणे : एक्स्टेंडर ॲक्सेस पॉइंट म्हणून केबलने जोडला, तर आमच्याकडे प्रत्येकाची स्वतंत्र ओळ दिसते. केबल ओढणे शक्य नसेल, तर काय करावे हे मलाही जाणून घ्यायचे आहे.