आयुष्यात एकदाच आणि सातच एग्ज: हा नियम डोनरला वाचवतो का?

शलाका_एस
आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताईंची भाची, वय 26, एक मुलगा आहे. तिला एक एजंट बाई एग डोनेशन कर म्हणून मागे लागलीये. 2021 च्या कायद्यात म्हणे आयुष्यात एकदाच डोनेट करता येतं आणि सातपेक्षा जास्त एग्ज काढता येत नाहीत. मला तर नियम बरोबर वाटतो, उलट अजून कडक हवा. तुमचं काय मत? आणि तिने तिथे नेमकं काय विचारावं?

भटक्या_पुणेकर
मला नाही पटत. 26 वर्षांची बाई आहे, लहान मूल नाही. अमेरिकेत डॉक्टरांची संघटना सहा सायकलपर्यंत, म्हणजे सहा वेळा डोनेट केलं तरी चालेल म्हणते, आपल्याकडेच या कायद्याच्या 2010 च्या मसुद्यात सहा वेळा आणि मधे तीन महिन्यांची गॅप असं होतं. इंग्लंडमध्ये डोनरला सरळ 985 पौंडाच्या आसपास भरपाई मिळते, उघड. आपल्याकडे विक्री बंद म्हणून पैसे टेबलाखालून जातात आणि मलई एजंट खातो. बंदी घातली की गरज संपते असं थोडीच आहे.

विनू७९
अरे पण दरवेळी दहा-पंधरा अंडी काढली तर साठा संपणार ना, चाळिशीच्या आत पाळी जाते अशा बायकांची. म्हणून एकदाच ठेवलंय. इंजेक्शनचा त्रास होतो तो वेगळाच.

लॅबवाला_नाशिक
विनू, त्रासाचं बरोबर, साठ्याचं नाही. मी एम्ब्रियॉलॉजीत आहे म्हणून सांगतो. दर महिन्याला ओव्हरीत फॉलिकल्सची, म्हणजे अंडी असलेल्या पिशव्यांची, एक अख्खी बॅच वाढायला लागते, त्यातलं एक पुढे जातं, बाकीची वाळून जातात. इंजेक्शन त्या वाळणाऱ्यांनाच वाचवतं, पुढच्या वर्षांच्या साठ्यातून उचलत नाही.

खरी भीती ओव्हरी जास्त फुगण्याची, आणि ती नेमकी डोनरलाच जास्त, कारण डोनर तरुण असते. समजा भाचीचा एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, 4 आला आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन्हीकडे मिळून 24 फॉलिकल्स दिसली. तिला अंडी वाढवणाऱ्या इंजेक्शनचे रोज 225 युनिट लावले तर दहा दिवसात वीस-बावीस फॉलिकल्स तयार होतील, 150 किंवा त्याहून कमी लावून दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करत गेलं तर बरीच कमी. मग येतं ट्रिगरचं, म्हणजे अंडी शेवटची पिकवणारं इंजेक्शन, त्यानंतर साधारण 35 तासांनी पिकअप, म्हणजे सुईने अंडी काढणं. तो ट्रिगर एचसीजी या हार्मोनचा असेल तर त्याचा असर बरेच दिवस टिकतो, रक्तवाहिन्या गळक्या होतात, पाणी पोटात झिरपतं, रक्त घट्ट होतं. त्याऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन या औषधाचा ट्रिगर दिला तर असर लवकर ओसरतो. डोनरला गर्भ ठेवायचा नसतो, त्यामुळे हा ट्रिगर तिला न देण्याला काही कारणच नाही आणि गंभीर प्रकार जवळजवळ होत नाही. कायद्यात सात लिहिलंय पण ट्रिगर कुठला ते कोणी विचारत नाही, माझी तक्रार ती आहे. ओव्हरी कायदा वाचून सातच फॉलिकल्स करत नाही. चौदा झाली तर सात काढून बाकीची तशीच ठेवायची का? ती फुगलेलीच राहतात ना.

केतकी_जे
लॅबवाला अगदी बरोबर. आमच्या वेळी डोनरची सात निघाली, पाच मॅच्युअर, चार फर्टिलाइझ झाली आणि शेवटी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच दिवस वाढलेला गर्भ, एकच, तोही लागला नाही. परत नवीन डोनर, परत सगळा खर्च, कारण तीच डोनर परत मिळत नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

शलाका_एस
केतकी, वाईट वाटलं वाचून, पण मी डोनरच्या बाजूने विचारतेय. तुमचा खर्च वाचावा म्हणून तिने जास्त फुगायचं, हे कसं चालेल?

केतकी_जे
मी तसं म्हणाले नाही. कमी डोसला दहा आली तर सातवरची टाकून द्यायची, हे कुणाच्या फायद्याचं एवढंच विचारतेय.

संगीता_कल्याण
मी स्वतः केलंय, कायदा यायच्या आधी, पैशासाठीच, खोटं कशाला सांगू. पहिल्यांदा काहीच झालं नाही म्हणून परत गेले. दुसऱ्या खेपेला पिकअपनंतर तीन-चार दिवसांनी पोट असं टम्म झालं की साडीची गाठ बसेना, लघवी अगदी थोडी आणि गडद, आडवं पडलं की दम लागायचा. क्लिनिकला फोन केला तर गॅस असेल म्हणाले, एजंटचा फोन बंद. शेवटी नवऱ्याने सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे पोटातलं पाणी काढलं आणि सलाईनवर ठेवलं. ट्रिगर कुठला होता ते आजही माहीत नाही, कागदच हातात दिला नव्हता.

म्हणून शलाकाताई, तिला सांगा, विम्याचा कागद आधी मागायचा. ज्या जोडप्यासाठी करतेय त्यांनी डोनरचा बारा महिन्यांचा विमा काढायचा असतो आता. रात्री दोनला कुठला डॉक्टर फोन उचलणार ते नावासकट विचारायचं. आणि रोज सकाळी वजन करायचं, एका दिवसात किलोभर वाढलं किंवा लघवी कमी झाली तर थांबायचं नाही. एक कोणी सांगत नाही तेही सांगते, त्या दिवसात नवऱ्याजवळ जायचं नाही. एखादं अंडं आत राहून फुटलं तर दिवस जातात, आणि दिवस गेले की ते पोटाचं दुखणं अजून लांबतं.

भटक्या_पुणेकर
ताई, तुमचं झालं ते वाईटच. पण यातून निघतं काय, तर चांगला ट्रिगर, कागद, विमा. मग एकदाच का? तीनदा का नाही?

लॅबवाला_नाशिक
ट्रिगर बदलून सगळं संपत नाही. फुगलेली ओव्हरी पिळवटू शकते, सुईने रक्तस्राव होऊ शकतो, भूल आहे, इन्फेक्शन आहे, आणि हे प्रत्येक खेपेला नव्याने. कॅन्सर वाढतो असं सिद्ध नाही, पण डोनर बायकांना वीस वर्षं फॉलो केलंय कुणी? पिकअप झाला की त्या गायब. तरी मला विचाराल तर नीट नोंद असेल तर दोनदा-तीनदा चालावं.

संगीता_कल्याण
नोंद असेल तर! 2010 मध्ये मुंबईत 17 वर्षांची मुलगी पिकअपनंतर गेली, दीड वर्षात तिसरी वेळ होती. 2022 मध्ये तमिळनाडूत इरोडला 16 वर्षांच्या मुलीला खोटं आधार करून आठ वेळा बसवलं, त्यात तिची आई सामील. तीनची परवानगी दिली तर एजंट सहा करून घेईल. एक म्हटलं की निदान दुसऱ्या वेळी कोणीतरी दचकेल.

भटक्या_पुणेकर
एकचा नियम असून आधार खोटंच निघतं ना? मग आकड्याने काय वाचलं?

विनू७९
टेस्ट तरी करतात ना पण? एचआयव्ही वगैरे?

लॅबवाला_नाशिक
एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस. करायलाच लागतात. पण बघ, त्या घेणाऱ्या बाईला काही लागू नये म्हणून आहेत. डोनरसाठी एएमएच, फॉलिकल्सची मोजणी, हिमोग्लोबिन, भुलेसाठी तपासणी, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, आणि तिला एकटीला बसवून जबरदस्ती आहे का विचारणं. सासू किंवा एजंट शेजारी असताना विचारलं तर हो म्हणणारच. वय 23 ते 35 मध्ये हवं, ते भाचीचं बसतंय.

शलाका_एस
काल ताईंशी नीट बोलले. भाचीने दोन वर्षांपूर्वी एकदा केलंय, हे त्यांना पण आत्ता कळलं. एजंट म्हणते काही बिघडत नाही, बहिणीचं आधार आण.

लॅबवाला_नाशिक
मग विषयच संपला. आणि कायदा सोड, मागच्या वेळी तिचं किती फुगलं होतं, किती डोसला, हेच डॉक्टरला सर्वात आधी कळायला हवं. बहिणीच्या नावाने गेली तर डॉक्टरसमोर कोरी फाईल असणार आणि तो बिनधास्त 225 लावेल.

भटक्या_पुणेकर
याला माझाही विरोधच आहे. पण कायदेशीर दुसरी वेळ असती तर ती स्वतःच्या आधारावर, जुन्या फाईलसकट गेली असती.

संगीता_कल्याण
आणि एजंटने जुनी फाईल दाखवू दिली असती?