एक लिटर सूपला कॉर्नफ्लोअर किती?

> «एक लिटर स्वीट कॉर्न सूपसाठी कॉर्नफ्लोअर नेमके किती घ्यावे? संपले असेल तर मैदा चालेल का?»

एक लिटर सूपसाठी सपाट भरलेले दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण सोळा ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरते. मंचुरियनच्या ग्रेव्हीसारखा दाटपणा हवा असेल, तर मात्र हेच प्रमाण एका कपाला एक मोठा चमचा असे धरावे. हे कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा स्टार्च, भाकरीचे मक्याचे पिवळे पीठ नव्हे.

ते दुप्पट गार पाण्यात कालवावे, कारण गरम पाण्यात पिठाचा बाहेरचा थर लगेच शिजून आत कोरड्या गुठळ्या राहतात. पेस्ट तळाशी बसते, म्हणून ओतण्यापूर्वी पुन्हा ढवळावी आणि उकळत्या सूपमध्ये आधी तीन चतुर्थांशच घालावी. सूप पुन्हा उकळून मिनिटभर शिजेपर्यंत खरा दाटपणा कळत नाही; तोवर धीर न धरता आणखी पेस्ट ओतली, की वाटीत पोचेपर्यंत सूपची खळ होते, कारण निवताना ते आणखी आळते. पळीच्या पाठीवर पातळ थर राहिला आणि सूप गढूळ न दिसता चकाकू लागले, की उरलेली पेस्ट बाजूला ठेवावी. व्हिनेगर गॅस बंद केल्यावरच घालावे, कारण आंबटपणासह उकळत राहिल्यास स्टार्च सैल पडतो.

मैदा चालतो, पण तो दुप्पट, म्हणजे चार मोठे चमचे लागतो, कच्चट वास जाईपर्यंत चारपाच मिनिटे उकळावा लागतो आणि सूप दुधट दिसते. क्रीमच्या सूपला ते शोभते; स्वीट कॉर्नला, माझ्या मते, नाही.