शॉटच्या आधी स्वतःचा व्हिडिओ काढायचा की नाही?

मिरजेची तार: सांगलीच्या यार्डातला हमाल हळदीचं पोतं उचलून खांद्यावर घेतो, एवढाच अ‍ॅनिमेशनचा शॉट. सेकंदाला २४ प्रमाणे ७२ फ्रेम. गच्चीवर फोनने स्वतःचा व्हिडिओ काढला, फ्रेम मोजून पोझेस बसवल्या. तरी माणूस पाण्यात असल्यासारखा हलतो आणि ७२ मध्ये पोतं खांद्यावर पोचतच नाही. या रेफरन्सचा खरंच उपयोग असतो का?

चार भिंती: नसतो. हे रोटोस्कोपच झालं. मॅक्स फ्लायशरला त्याचं पेटंट १९१७ साली मिळालं, आपण अजून तेच गिरवतोय.

कृष्णाकाठ: गिरवलं तर मरतंच. पण इथं घोळ वेगळा दिसतोय. फोन बहुतेक ३० ला शूट करतो. नंबर तसेच उचललेस ना?

मिरजेची तार: हो. वाकायला सुरुवात १०, पकड ३०, पोतं जमीन सोडतं ५०, खांद्यावर ८५.

कृष्णाकाठ: ०.८ ने गुण. ८, २४, ४०, ६८. बसलं की ७२ मध्ये! नाहीतर आधीच व्हिडिओ बदलून घे:

```
ffmpeg -i ref.mp4 -vf fps=24 -an ref24.mp4
```

आता २४ ते ४० बघ. हात पकडलेत, पोतं जाग्यावरच आहे. वजन याच सोळा फ्रेममध्ये दिसतं: कंबर खाली बसते, कोपरं ताणली जातात, पोत्याचे कान खेचले जातात, मग ते सुटतं. इथं तीनच पोझेस घे, जिथं हालचालीची दिशा बदलते तिथल्या. स्टेप्डमध्ये चालवून बघ. तिथं वजन कळलं नाही तर स्प्लाइन करून काही होणार नाही. कंबर व्हिडिओपेक्षा थोडी जास्तच खाली घे. आणि पोत्यात भरलं काय होतंस?

मिरजेची तार: उशा.

कृष्णाकाठ: अरे देवा. मग कोपर आधी वाकलं असेल आणि कंबर नंतर उठली असेल. जड वस्तूला उलटं होतं.

यवतेश्वर: मला तर कॅमेऱ्यापुढं बोलताच येत नाही. तुम्ही माईक कुठला वापरता?

कृष्णाकाठ: बोलायचं नाही हो, हा व्हिडिओ कुणाला दाखवायचाही नसतो.

चार भिंती: फ्रेमचं मान्य. पण हमालाचा जन्म पोती उचलण्यात गेलाय, तो तुमच्यासारखा धडपडत नाही. एका झटक्यात, गुडघ्याचा टेकू देऊन वर. गच्चीवरच्या पोराचा व्हिडिओ त्याला कसा चालेल?

कृष्णाकाठ: हे मात्र खरं. यार्डात जाऊन, विचारून, त्याचाच व्हिडिओ घ्यावा. तरी भार कुठल्या पायावर येतो ते स्वतः उचलल्याशिवाय मला तरी कळत नाही.

चार भिंती: मला बघून कळतं.

मिरजेची तार: पोत्यात वीस किलो ज्वारी भरून परत काढला. पकडीपासून सुटेपर्यंत आता १९ फ्रेम लागले, कंबर आधी उठली. ज्वारी गच्चीवर सांडली, आई खालून हाका मारतेय.