डार्क चॉकलेटबरोबर पोर्ट की स्टाऊट: गोडी जुळायलाच हवी का?

सांजवेळ: ७०% डार्क चॉकलेटबरोबर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, रेड वाइन घेतली की वाइन आंबट, तुरट लागते. सगळे सांगतात, पोर्ट ही गोड, कडक वाइन घ्या, पेय निदान पदार्थाइतकं तरी गोड हवं. मग कोरडा स्टाऊट, म्हणजे गोडी नसलेली काळी बिअर, चॉकलेट केकबरोबर चालतो तो कसा? नियम खरा आहे की नुसतं ऐकीव?

ओकपिंप: नियम खरा आहे, आणि वाइनच्या बाबतीत तर मी तो मोडू देणार नाही. मिठाईनंतर चहा फिका लागतो, तसंच इथे होतं. चॉकलेटच्या साखरेला जीभ सरावली की वाइनमधली थोडीफार गोडी जाणवेनाशी होते आणि मागे उरतो आंबटपणा. त्यात कोकोचा तुरटपणा आणि रेड वाइनचा तुरटपणा एकावर एक चढतात, हिरड्या कोरड्या पडतात.

पोर्टमध्ये किण्वन अर्ध्यावर असतानाच द्राक्षाचं कडक स्पिरिट ओततात. यीस्ट थांबतं आणि द्राक्षाची बरीचशी साखर तशीच राहते, लिटरमागे साधारण १०० ग्रॅम. म्हणून ती चॉकलेटसमोर टिकते. घरी तपासायचं असेल तर आधी पोर्टचा एक घोट घ्या, मग चॉकलेट तोंडात पूर्ण विरघळू द्या, आणि पुन्हा घोट घ्या. निकाल या दुसऱ्या घोटावर. रुबी या तरुण, लाल पोर्टमधली काळ्या चेरीसारखी फळाची चव तेव्हाही जाणवली तर जोडी जमली. नुसतं अल्कोहोल घशाला लागलं तर फसली.

गणिती: हिशोब काही जुळत नाही. लिटरला १०० ग्रॅम म्हणजे जेमतेम १०%. ७०% चॉकलेटमध्ये साखर ३०% च्या आसपास असते. म्हणजे पोर्ट तिप्पट कमी गोड. मग तुमच्याच नियमाने पोर्टही फसायला हवी.

ओकपिंप: आकडे बरोबर आहेत, पण जीभ साखर वजनाने मोजत नाही. कोकोचा कडूपणा चॉकलेटची गोडी दाबून टाकतो, शिवाय ते हळूहळू विरघळतं. पोर्ट मात्र एकदम सगळ्या जिभेवर पसरते. जुळवायची असते ती जाणवणारी गोडी. तुमच्या मुद्द्यातलं खरं दिसतं ते मिल्क चॉकलेटमध्ये. त्यात साखर निम्म्याच्या आसपास आणि कडूपणा कमी, त्यामुळे रुबी तिथे खरोखर पातळ पडते. तिथे मी पेद्रो शिमेनेझ शेरी काढेन, तिची साखर लिटरला ३०० ग्रॅमच्याही वर जाते.

करपटमाल्ट: वाइनपुरतं सगळं मान्य, पण तोच नियम बिअरवर लादू नका. कोरड्या आयरिश स्टाऊटमध्ये गोडी जवळजवळ नसते, तरी तो ७०% चॉकलेटबरोबर आंबट होत नाही, कारण मुळात त्यात तेवढं आम्लच नाही. वाइनचा पीएच साधारण ३.५ असतो, बिअरचा ४ च्या वर. गोडी गेली तरी मागून आंबटपणा वर येत नाही. जे वर येतं ते भाजलेल्या बार्लीचं, कॉफीसारखं, आणि ते कोकोच्या जातकुळीतलंच. वर फेस कोकोबटरचा थर जिभेवरून धुऊन काढतो, पोर्टला ते जमत नाही.

लोणीसाखर: मी केकच्या पिठातच स्टाऊट घालते आणि उरलेला प्यायला ठेवते. केक छान होतो, पण बटर आयसिंग लावलं की तोच स्टाऊट जळक्या राखेसारखा लागतो. पिठात कमी घालावा का?

करपटमाल्ट: ताई, पिठातल्या स्टाऊटचा दोष नाही, आयसिंगमधल्या पिठीसाखरेचा आहे. तोच केक आयसिंगशिवाय, वर न गोडवलेलं क्रीम घालून खाऊन बघा, तोच स्टाऊट मऊ लागेल. आयसिंग हवंच असेल तर प्यायला मिल्क स्टाऊट घ्या. त्यातलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, यीस्टला पचत नाही, म्हणून ते बिअरमध्ये राहतं.

ओकपिंप: म्हणजे शेवटी गोडीवरच आलात! स्टाऊटला सूट जास्त मिळते एवढंच, पण पदार्थ पुरेसा गोड झाला की तोही हरतो. आणि लॅक्टोज नेहमीच्या साखरेच्या मानाने खूपच कमी गोड असतं, दाट आयसिंगसमोर मिल्क स्टाऊटही कमीच पडेल. तिथे १०% अल्कोहोलच्या आसपासचा, अंगाने जड इम्पीरियल स्टाऊट बरा.

करपटमाल्ट: इम्पीरियलमध्ये हॉप्सचा कडूपणाही भरपूर असतो, आयसिंगवर तो आणखी टोचेल. आणि व्हॅनिला आइस्क्रीमचं काय? चांगलं गोड असतं, तरी कोरडा स्टाऊट त्यावर ओतला की दोन्ही खुलतात.

ओकपिंप: ओतल्यावर ते एकच मिश्रण होतं, आइस्क्रीमची साखर स्टाऊटमध्ये उतरते. शेजारी ग्लास ठेवून चमच्याआड घोट घ्या, मग बोलू.

सांजवेळ: माझ्याकडे ८५% ची वडी आहे. तिच्यात साखर आणखी कमी, तर तिला कोरडी रेड वाइन चालेल?

ओकपिंप: गोडी आड येणार नाही, पण तुरटपणा दुप्पट होईल. त्यापेक्षा टॉनी पोर्ट थोडी गार करून घ्या. पिंपात वर्षानुवर्षं राहून तिचा तुरटपणा निवलेला असतो, आणि ६० मिली पुरते.

करपटमाल्ट: ८५% ला मी स्टाऊटच देईन, फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेला. फार गार असला तर कोकोबटर तोंडात मेणासारखं घट्ट होतं आणि चवच लागत नाही.