मदत हवी आहे: जुलैचा वीजखर्च फक्त ४,५००?

रेवा_खतावणी: जूनअखेर वीज ४२,००० आणि भाडं ६०,००० अशी तरतूद केली. १ जुलैला दोन्ही उलटवल्या. जुलैअखेर वीज ४५,०००, भाडं ६०,००० पुन्हा धरलं. आता जुलैला वीज ४,५०० आणि भाडं शून्य दिसतंय! उद्या सकाळी आकडे द्यायचेत, कुठे चुकतंय?

पानमागचंपान: जूनचं वीजबिल आलं का? आलं तर कुठे नावे टाकलं?

सदा_हिशोबी: भाडं आगाऊ दिलं असेल तर ते येणं म्हणून दाखवून दरमहा खर्चात घ्यायचं. आमच्याकडे हाच घोळ झाला होता.

रेवा_खतावणी: सदा, आगाऊ नाही, भाडं थकलंय. वीजबिल १२ जुलैला ४३,५०० चं आलं. सहकाऱ्याने ४२,००० विजेच्या 'देय खर्च' खात्याला नावे टाकले, वरचे १,५०० वीजखर्चाला.

पानमागचंपान: मग तिथेच चुकलं. १ तारखेला तरतूद उलटवल्यावर देय खर्चात त्या ४२,००० चं काही उरलंच नव्हतं. बिलाने ती दुसऱ्यांदा मारली. खातं उघडून बघा, १२ तारखेला ४२,००० नावे बाकी दिसेल. देणी खात्यात नावे बाकी आली की समजायचं, बहुधा काहीतरी दोनदा गेलंय. महिनाअखेरच्या ४५,००० ने ते झाकलं, म्हणून आता ३,००० जमा दिसत असेल. वीजखर्च नावे ४२,०००, देय खर्च जमा ४२,००० अशी एक नोंद करा. खर्च ४६,५०० होईल, म्हणजे जुलैचे ४५,००० आणि जूनचे कमी धरलेले १,५००.

नीट_लिहा: म्हणूनच मी उलटवतच नाही. तरतूद राहू द्यायची, बिल आलं की तिच्यातून वळतं करायचं. उलटवणं हाच उपद्व्याप.

पानमागचंपान: तीही पद्धत चालते, पण दोन्ही मिसळल्या की हे होतं. शिवाय तुमच्या पद्धतीत बिल लिहिणाऱ्याला कोणती तरतूद कुठल्या महिन्याची हे दरवेळी शोधावं लागतं. उलटवली असेल तर तो बिल सरळ खर्चात टाकून मोकळा.

नीट_लिहा: आणि बिल आलंच नाही तर? महिनाभर खर्चात उणे ६०,००० मिरवायचे?

रेवा_खतावणी: अगदी हेच! जागामालकाने जूनचं बिल अजून दिलेलंच नाही.

पानमागचंपान: मग जुलैअखेर एका नव्हे, दोन महिन्यांचं धरायला हवं होतं, १,२०,०००. उलटवल्यामुळे जूनचं देणं पुस्तकातून गेलं, प्रत्यक्षात ते आहेच. आणखी ६०,००० धरा. जुलैचं भाडं ६०,००० होईल.

सदा_हिशोबी: ते १,५०० जूनमध्ये टाकायला नकोत का?

नीट_लिहा: मी मागे जाऊन टाकते.

पानमागचंपान: जून बंद झालाय. अंदाजातला एवढा फरक मी बिल आलेल्या महिन्यातच ठेवतो.

रेवा_खतावणी: ३,००० जमाच निघाले! दोन्ही नोंदी टाकल्या, वीज ४६,५००, भाडं ६०,०००. मीटर वाचन २० तारखेला होतं हे सांगायचं राहिलं. मग ४२,००० चा अंदाज मुळात जून पूर्ण धरून होता का, ते आता तपासते.