किराण्याच्या यादीत डाळींची नावं इंग्रजीत लिहावी का?

दारव्ह्याची ताई: मुलगी हैदराबादला शिकायला गेली, तिथं किराणा घ्यायचा आहे. तूर, मसूर, उडीद, हरभरा, बरबटी यांची इंग्रजी नावं लिहून देऊ, की मराठीच राहू देऊ?

पुसदचा किराणावाला: मराठीसमोर इंग्रजी लिहाच ताई. तूर रेड ग्रॅम, मूग ग्रीन ग्रॅम, उडीद ब्लॅक ग्रॅम, हरभरा बेंगॉल ग्रॅम. ब्लॅक ग्रॅम वाचून लोकांना काळे चणे वाटतात आणि घरी उडीद येतात. रेड लेंटिल म्हणजे मसूर, तूर नाही. बरबटीला पुण्याकडे चवळी म्हणतात, इंग्रजीत काउपी.

अकोल्याचा दादा: एवढा घोळ कशाला? डाळ म्हणजे लेंटिल. येलो लेंटिल लिहा, तूर येते.

पुसदचा किराणावाला: दादा, येतेही आणि नाहीही. त्या नावाखाली धुतलेली मुगाची डाळसुद्धा विकतात. तूर तर लेंटिल नव्हेच, तिचं दुसरं इंग्रजी नाव पिजन पी. म्हणून पाकीट फोडल्याबरोबर दाणा पाहावा. मुगाची डाळ बारीक आणि लांबट, हरभऱ्याची जाड, तुरीची गोल चपटी. मसूर कच्ची असते तेव्हा नारिंगी दिसते, शिजली की पिवळी पडते. वरण झाल्यावर रंगावरून काही कळत नाही. तूर मात्र मसुरीपेक्षा उशिरा शिजते.

सिरोंच्याची मावशी: इंग्रजी कायले पाहिजे बाप्पा? आमच्याकडं नदीपल्याड तेलंगणाच हाय. हैदराबादच्या दुकानात तुरीले कंदिपप्पू म्हणा, उडदाले मिनपप्पू, मुगाले पेसरपप्पू, हरभऱ्याच्या डाळीले शेनगपप्पू. लगेच मोजून देतात. पोरीले हे चार शब्द शिकवा.

अकोल्याचा दादा: मावशी, दुकानात ठीक आहे. मोबाइलवरून मागवायचं तर तूर डाळ असंच लिहिलेलं चालतं, पाकिटावरही तेच असतं. बरबटीची मात्र अडचण येईल, हे मान्य.

वरुडची वहिनी: आमच्या पोरानं मी लिहिलेलं सांभार वाचलं आणि पुण्याहून सांबार मसाल्याचं पाकीट आणलं! तिकडं कोथिंबीर लिहावं लागतं. इंग्रजीत नुसतं कोरिअँडर लिहिलं तर धनेही येऊ शकतात. पानं हवीत की बी, हे लिहायचंच.

भंडाऱ्याचा भाऊ: आणि लाखोळी? धान निघालं की आमच्या बांध्यात तीच असते.

पुसदचा किराणावाला: इंग्रजीत ग्रास पी. पण यादीत टाकू नका. महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झालं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

भंडाऱ्याचा भाऊ: आम्ही भिजवून, पाणी फेकून वडे करतो. पिढ्या गेल्या खाण्यात. कधीमधी खाणाऱ्याला भीती घालणं मला पटत नाही.

पुसदचा किराणावाला: कधीमधी वेगळं, रोज वेगळं. शिकणारं पोर स्वस्त दिसलं की तेच रोज शिजवतं. मी तर माझ्या पोरीला देणार नाही.